शकुनाचे हजार रुपये

आमच्या आईची एक शिकवण होती. पेटी कधी पुरती रिकामी करू नये. तांदळाचा डबा घासायला काढला तरी आधी मूठभर तांदूळ वाटीत काढून ठेवायचे, आणि पैशाच्या डब्यात निदान एक नाणं राहू द्यायचं. लक्ष्मीला परत यायला वाट राहते, असं ती म्हणे. आई गेली, डबा गेला, पैसे मोबाइलमध्ये गेले. पण शिकवण मात्र माझ्या बोटांत राहिली. ५ जुलै २०२५, शनिवार, या दिवशी मी क्रेडिट कार्डाचं बिल भरायला बसलो तेव्हा बिल होतं बरोबर ५०,००० रुपयांचं आणि बचत खात्यात होते ५०,२०० रुपये. सगळे भरले तर खात्यात दोनशे रुपये उरणार. दोनशे रुपयांत लक्ष्मीनं परत यायचं ते कशावर? मी ४९,००० भरले आणि हजार रुपये शकुनाचे म्हणून मागे ठेवले.

त्या हजार रुपयांनी पुढे जे केलं ते लक्ष्मी करत नाही, तिची थोरली बहीण करते.

बिल झालं होतं ते दोनच वस्तूंचं. २० मे रोजी ३८,००० रुपयांचा फ्रिज घेतला, कारण जुना फ्रिज रात्री असा घोरायचा की वरच्या मजल्यावरचे माझ्याकडे संशयानं बघू लागले होते. मग २ जूनला भाचीच्या लग्नाच्या आहेरासाठी १२,००० रुपयांची साडी घेतली. ती तिला आवडली नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझ्या कार्डाचं बिलाचं चक्र १६ तारखेला सुरू होतं आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला संपतं. म्हणजे दोन्ही खरेद्या १५ जूनच्या स्टेटमेंटात आल्या, आणि पैसे भरायची शेवटची तारीख आली ५ जुलै. इथवर व्याजाचा प्रश्नच नव्हता. पूर्ण भरा आणि फुकट वापरा, ही कार्डाची मूळ ऑफर.

मी ४९,००० भरले. पन्नासांतले एकोणपन्नास, म्हणजे ९८ टक्के. माझ्या शाळेत ९८ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा फोटो तालुक्याच्या पेपरात यायचा.

१५ जुलैला नवं स्टेटमेंट आलं. मी मनात हिशेब करून ठेवलाच होता. हजार रुपये राहिलेत, दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे पस्तीस रुपये व्याज. पस्तीस रुपयांत शकुन स्वस्तच म्हणायचा. शिवाय ८ जुलैला ४,००० रुपयांचा किराणा कार्डावर भरला होता, तो पुढच्या महिन्यात बघू. स्टेटमेंट उघडलं. फायनान्स चार्जेस : २,६२९.३२ रुपये. त्याखाली त्यावरचा १८ टक्के जीएसटी : ४७३.२८ रुपये.

मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

"अहो, फ्रिज परत घोरतोय का?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. तो मी होतो."

आता माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. चूक आपली असू शकते ही शक्यता तो सर्वांत शेवटी तपासतो. समजा, मी म्हटलं, बँकेनं दुष्टपणा करून पूर्ण पन्नास हजारांवर व्याज लावलं. तरीही पन्नास हजारांचे साडेतीन टक्के १,७५० होतात. इथे तर २,६२९ लावलेत! भागाकार केला. पन्नास हजारांवर सव्वापाच टक्क्यांहून जास्त. स्टेटमेंटच्या तळाशी स्वच्छ छापलंय : दरमहा ३.५ टक्के, वार्षिक ४२ टक्के. म्हणजे बँक स्वतःच छापलेल्या दराला जागत नाही. सापडली! इतका आनंद मला साडी आवडली असती तरी झाला नसता.

कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करत पंचवीस मिनिटांनी एक मुलगी आली.

"सर, फायनान्स चार्जेस सिस्टिम जनरेटेड आहेत."

"ते काढले कसे?"

"सर, सिस्टिमनं काढलेत."

"पण साडेतीन टक्क्यांचे सव्वापाच कसे झाले?"

"सर, तुम्ही टोटल अमाउंट ड्यू भरलेली नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

पहिली मदत झालेली नसताना 'आणखी' हा शब्द वापरायला फार आत्मविश्वास लागतो. मी फोन ठेवला, स्टेटमेंटची प्रिंट काढली आणि शेजारच्या अण्णांचं दार वाजवलं.

अण्णा पंचाहत्तरीचे. एका पतपेढीत तीस वर्षं व्याज काढून निवृत्त झाले. संगणक यायच्या आधीची त्यांची पिढी. मार्च आला की ही माणसं रात्री अकरापर्यंत लेजरवर वाकून खातेदारांच्या व्याजाचे प्रॉडक्ट काढत बसायची. प्रॉडक्ट म्हणजे वस्तू नव्हे. किती रक्कम, किती दिवस, त्यांचा गुणाकार. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अण्णांना आता कोणी व्याज विचारत नाही. पाण्याच्या टँकरचं बिल तपासण्यावर त्यांची प्रतिभा भागते. माझ्या हातातला कागद बघून त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी एकदाच पाहिली होती, लिफ्टच्या कंत्राटदारानं बेरजेत चूक केली होती तेव्हा.

"किती लावलंय?"

"सव्वापाच टक्के, अण्णा! छापलेत साडेतीन."

"टक्के तू काढलेस ना? मग ते बाजूला ठेव. आधी बँकेचा नियम वाचायचा."

नियम म्हणजे कार्डाबरोबर आलेली ती पुस्तिका. बँका तिला एमआयटीसी म्हणतात, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या अटी. महत्त्व सर्वांत मोठं आणि अक्षर सर्वांत बारीक. अण्णांनी पंचांग बघायचं भिंग आणलं. दोन पानांनंतर ते एका वाक्यावर थांबले. त्याचा मथितार्थ असा : देय तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरली नाही, तर बिनव्याजी मुदत रद्द होते, प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, ते रोजच्या शिल्लक रकमेवर मोजतात, आणि जोपर्यंत मागचं काही बाकी आहे तोपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

"कळलं?" अण्णा म्हणाले. "तू हजार रुपये बाकी ठेवलेस म्हणून व्याज हजारावर नाही. तू हजार बाकी ठेवलेस म्हणून बँकेनं दिलेली सवलत मागे घेतली. वीस मेपासून. आणि 'दरमहा' हा शब्द दर सांगण्यापुरता. व्याज दिवसाचं आहे. साडेतीन गुणिले बारा म्हणजे बेचाळीस, भागिले तीनशे पासष्ट. हजाराला दिवसाला एक रुपया पंधरा पैसे."

"पण मी ९८ टक्के भरले!"

"इथे पासिंगच शंभरला आहे. बिलावर ते मिनिमम अमाउंट ड्यू लिहिलेलं असतं ना, तुझं अडीच हजार होतं, ती फक्त एटीकेटी. तेवढे भरलेस तर वर्गातून काढत नाहीत. पण विषय सुटला असं होत नाही."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. त्यावर काकूंच्या दुधाच्या खुणा होत्या. अर्धा लिटर, एक लिटर, 'दूध नाही'. अण्णांनी त्याच चौकोनांत माझं कर्ज मांडायला घेतलं. त्यांची पद्धत सोपी. शिल्लक ज्या दिवशी बदलते तिथे रेघ मारायची, आणि दोन रेघांमधले दिवस मोजायचे. व्यवहार झाला तो दिवस नव्या शिल्लकेत धरायचा. आमच्या बँकेच्या पुस्तिकेतल्या उदाहरणात असंच मोजलं होतं. एखादी बँक व्यवहाराच्या तारखेऐवजी तो खात्यात नोंदला गेला ती तारीख धरते, म्हणून आधी उदाहरण बघायचं.

पहिली रेघ २० मे. तिथून १ जूनपर्यंत फक्त फ्रिजचे ३८,००० रुपये. दिवस १३. गुणाकार ४,९४,०००.

दुसरी रेघ २ जून. साडी आली, शिल्लक ५०,०००. मी पैसे भरले ५ जुलैला, म्हणजे ४ जुलैपर्यंत ३३ दिवस. गुणाकार १६,५०,०००.

तिसरी रेघ ५ जुलै. उरले शकुनाचे हजार. ७ जुलैपर्यंत ३ दिवस. गुणाकार ३,०००.

चौथी रेघ ८ जुलै. किराणा मिळवून ५,०००. स्टेटमेंटच्या १५ तारखेपर्यंत ८ दिवस. गुणाकार ४०,०००.

"आता सगळे दिवस मिळव."

मिळवले. सत्तावन्न.

"स्टेटमेंट किती दिवसांचं आहे?"

"सोळा जून ते पंधरा जुलै. तीस."

"तुझं सव्वापाच टक्क्यांचं भूत इथे राहतं. स्टेटमेंट तीस दिवसांचं, पण व्याज सत्तावन्न दिवसांचं. मागच्या स्टेटमेंटात जे लावलं नव्हतं ते या स्टेटमेंटात मागच्या तारखेनं आलं. तू दोन महिन्यांच्या व्याजाला एका महिन्याच्या दरानं मोजत होतास. दुधाचं बिल दोन महिन्यांनी दिलं आणि म्हणालास, गवळ्यानं भाव वाढवला!"

मी गप्प बसलो. काकूंनी चहा आणला. आमच्या इमारतीत ज्याचं चुकलं त्याला चहा मिळतो.

आता सगळ्या गुणाकारांची बेरीज २१,८७,०००. तिला ४२ ने गुणायचं आणि ३६,५०० ने भागायचं. ३६,५०० म्हणजे तीनशे पासष्ट गुणिले शंभर. जुन्या व्याजबट्ट्याच्या माणसांना हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ असतो. अण्णांनी कॅलक्युलेटर घेतला नाही. पेन्सिलनं भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. २,५१६.५५.

बँकेचा आकडा होता २,६२९.३२.

"चुकलंच ना!" मी उठून उभा राहिलो. "एकशे बारा रुपये सत्त्याहत्तर पैसे जास्त!"

"बस. फरक आला की भांडायचं नसतं, फरकाला विचारायचं असतं तू कोण म्हणून."

हे वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी वापरलं, पण शोभलं ते अण्णांनाच. त्यांचं म्हणणं असं की व्याजातला फरक मुका नसतो. त्याला एका दिवसाच्या व्याजानं भागून बघायचं. पूर्णांक आला तर भानगड दिवसांची आहे, अपूर्णांक आला तर रकमेची किंवा दराची. कोणत्या रकमेचा दिवस? तर सर्वांत मोठा व्यवहार धरायचा. तो माझा ४९,००० रुपयांचा भरणा. त्याचं एका दिवसाचं व्याज ५६.३८ रुपये. ११२.७७ भागिले ५६.३८.

बरोबर दोन.

"दोन दिवस," अण्णा म्हणाले. "तू पैसे कधी भरलेस?"

"पाच तारखेला. मेसेज आहे माझ्याकडे."

"तो तुझ्या बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज. कार्डाच्या बँकेत पोहोचले कधी?"

स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर, व्यवहारांच्या यादीत, मी आजवर कधी न पाहिलेली ओळ होती : भरणा मिळाला, ४९,००० रुपये, तारीख ०७/०७/२०२५. मी पैसे पाठवले होते एका बिल भरायच्या अ‍ॅपवरून, ज्याच्या कोपऱ्यात 'जमा होण्यास दोन ते तीन कामकाजाचे दिवस' असं फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेलं असतं. ५ जुलै शनिवार, ६ जुलै रविवार, आणि त्या रविवारी आषाढी एकादशी. पंढरपुरात पांडुरंग विटेवर उभा आणि माझे पैसे वाटेवर उभे. सोमवारी बारस सोडून ते बँकेत पोहोचले.

अण्णांनी ५ जुलैची रेघ खोडून ७ जुलैला मारली. पन्नास हजारांचे दिवस ३३ चे ३५ झाले, हजाराचे ३ चा १ झाला. नवी बेरीज २२,८५,०००. गुणिले ४२, भागिले ३६,५००. उत्तर २,६२९.३२. पैशाला पैसा.

बँक बरोबर होती. यासारखं दुःख नाही. बँक चुकली असती तर मी निदान सोसायटीच्या ग्रुपवर लिहू शकलो असतो.

"मग उशीर झाला म्हणून लेट फी का नाही लावली?" मी क्षीणपणे विचारलं. दया दाखवली असेल तर तेवढंच.

"दया कसली, नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली कार्डांसाठी नियमावली काढली. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच खातं थकीत धरायचं आणि लेट फी घ्यायची. तुझे दोन झाले. पण ती सूट दंडाला आहे, व्याजाला नाही. व्याज दिवस मोजतच राहतं."

जाता जाता मी शेवटचा दगड मारला. "पण अण्णा, बेचाळीस टक्के म्हणजे पठाणी व्याजच की! याला काही मर्यादा?"

"होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली म्हटलं होतं की तीस टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. आता दराशी भांडता येत नाही. तो तू कार्ड घेताना सही करून मान्य केलेला. भांडायचंच तर हिशेबाशी भांड."

हे त्यांनी सहज म्हटलं. पण नियतीनं ऐकलं असावं.

त्या स्टेटमेंटची एकूण रक्कम ८,१०२.६० रुपये होती. राहिलेले हजार, किराण्याचे चार हजार, आणि वर व्याज नि जीएसटी मिळून ३,१०२.६०. या वेळी आईची क्षमा मागून मी सगळे पैसे भरले. १ ऑगस्टला, देय तारखेच्या चार दिवस आधी, थेट कार्डाच्या बँकेच्या साइटवरून. पैसे त्याच दिवशी जमा झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, स्क्रीनचा फोटो काढला, कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि त्यावर काहीही घेतलं नाही.

१५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाल्याचा वर्धापनदिन. मीही कर्जमुक्त. सोसायटीत झेंडावंदन करून आलो आणि स्टेटमेंट उघडलं. फायनान्स चार्जेस : १४९.१८ रुपये.

झेंडावंदनाची जिलबी हातात धरून मी अण्णांकडे गेलो.

"अण्णा, पूर्ण भरले. वेळेत भरले. त्याच दिवशी जमा झाले. तरी व्याज!"

"येणारच. शेपटी आहे ती." अण्णांनी जिलबी घेतली. "मागचं स्टेटमेंट पंधरा जुलैला बंद झालं. त्यात व्याज पंधरा जुलैपर्यंतचं. तू भरलेस एक ऑगस्टला. मधल्या सोळा ते एकतीस जुलै, या सोळा दिवसांचं व्याज कोण देणार? एकदा बिनव्याजी मुदत गेली की पूर्ण पैसे भरल्यावरही एक स्टेटमेंट ही शेपटी येते. बघू, केवढी आहे ती."

शेपटीचा हिशेब एका ओळीचा. शिल्लक ५,००० रुपये, दिवस १६, गुणाकार ८०,०००. गुणिले ४२, भागिले ३६,५००. उत्तर ९२.०५.

कागदावर १४९.१८.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. या वेळी मी उठून उभा राहिलो नाही. अनुभवानं माणूस बसायला शिकतो. फरक ५७.१३. पाच हजारांचं एका दिवसाचं व्याज ५.७५. भागाकार केला तर ९.९३. पूर्णांक नाही. शिवाय सोळा दिवसांच्या काळात दहा दिवस जास्त येणार तरी कुठून?

"दिवसांची भानगड नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम तीस वर्षांनी तरुण झाला. "रकमेची आहे. आता उलटा चाल. त्यांच्या व्याजावरून त्यांनी कोणती रक्कम धरली ते काढ."

उलटं चालायचं म्हणजे १४९.१८ ला ३६,५०० ने गुणायचं, ४२ ने भागायचं, आणि मग १६ दिवसांनी भागायचं. उत्तर आलं आठ हजार एकशे दोन रुपये आणि वर काही पैसे. हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. कुठेतरी काय, मीच तो भरला होता. मागच्या बिलाची एकूण रक्कम, ८,१०२.६०! म्हणजे बँकेनं व्याज नुसत्या खरेदीच्या पाच हजारांवर लावलं नव्हतं. मागच्या महिन्याचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी, हेही मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं होतं.

"चक्रवाढ!" मी म्हणालो.

"आणि तीही करावर. सरकारला द्यायच्या करावर बँकेला व्याज. त्याच २०२२ च्या नियमावलीत हे स्पष्ट आहे. न भरलेले आकार, शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही." अण्णांनी जिलबीचा शेवटचा वेढा तोंडात टाकला. "सापडलं."

सत्तावन्न रुपये तेरा पैसे. अण्णांना झालेला आनंद बघता मला वाटलं, पतपेढीनं त्यांना निवृत्तीच्या वेळी नारळ आणि शाल द्यायच्याऐवजी चुकलेलं एक खातं द्यायला हवं होतं.

फोन करायचा नाही असं ठरलं. फोनवर सिस्टिम बोलते आणि सिस्टिमला कान नसतात. अण्णांच्या देखरेखीखाली ईमेल लिहिला. मी पहिल्या मसुद्यात 'लूट', 'सामान्य माणूस' आणि 'निर्लज्ज' असे तीन शब्द घातले होते. अण्णांनी तिन्ही काढले आणि त्यांच्या जागी तीन आकडे घातले. तुम्ही लावलेलं व्याज १४९.१८. तुमच्याच दरानं आणि पुस्तिकेतल्या पद्धतीनं येणारं व्याज ९२.०५. फरक ५७.१३, आणि त्यावरचा जीएसटी १०.२८. तुमचा आकडा ८,१०२.६० रुपयांवर १६ दिवस धरले तरच येतो, आणि त्या रकमेत ३,१०२.६० रुपये व्याज व कराचे आहेत. कृपया हिशेब द्यावा. सोबत दोन्ही स्टेटमेंटं. शेवटी एक साधी ओळ : बिलावर हरकत घेतल्यास तीस दिवसांत स्पष्टीकरण द्यावं असा नियम आहे, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, याची आम्हाला कल्पना आहे.

"'आम्हाला' का?" मी विचारलं.

"एकटा माणूस वाटला तर उत्तर देत नाहीत."

अकराव्या दिवशी उत्तर आलं. त्यात चूक झाली असं कुठेही म्हटलं नव्हतं. 'आपल्याशी असलेल्या नात्याचा सन्मान म्हणून विशेष बाब' असं म्हणून ६७.४१ रुपये जमा केले होते. रक्कम पैशापर्यंत आमचीच. नात्याचा सन्मान इतका अचूक मोजणारं सासरसुद्धा मी पाहिलेलं नाही. मी ते पत्र अण्णांना दाखवलं. त्यांनी रक्कम वाचली, घडी घातली आणि काकूंना हाक मारून सांगितलं, "चहा ठेव. दोघांना."

एकूण ताळेबंद असा. पहिल्या सामन्यात बँक बरोबर आणि मी चूक, रक्कम २,६२९.३२. दुसऱ्या सामन्यात मी बरोबर आणि बँक चूक, रक्कम ५७.१३. मी सोसायटीत फक्त दुसरा सामना सांगतो.

तुमच्या स्टेटमेंटवर फायनान्स चार्जेस आले असतील, तर फोन लावायच्या आधी एक कॅलेंडर काढा. जीएसटी बाजूला ठेवा, खरेदीच्या तारखेपासून शिल्लक बदलेल तिथे रेघा मारा, आणि पैसे तुम्ही पाठवले ती तारीख न धरता ते पोहोचले ती तारीख धरा. गुणाकारांची बेरीज गुणिले वार्षिक दर, भागिले ३६,५००. आकडा जुळला तर चहा प्या. नाही जुळला तर फरकाला विचारा, तू कोण.

आणि शकुनाचे हजार ठेवायचेच असतील तर तांदळाच्या डब्यात ठेवा.